ऋणनिर्देशाचं कूळ

पीएच.डी.चा प्रबंध हातात आला की बरेच जण आधी ऋणनिर्देश उघडतात. मार्गदर्शक कोण, पैसा कुठून आला, घरच्यांनी किती सोसलं, हे तिथे लगेच कळतं. बांधणीत या पानाची जागा साधारण ठरलेली असते. मुखपृष्ठ, संशोधकाचं प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश आणि त्यानंतर अनुक्रमणिका. प्रतिज्ञापत्र आणि प्रमाणपत्र यांचा मजकूर छापील साच्यातला असतो, त्यात नाव आणि विषय भरला की काम झालं. ऋणनिर्देश तेवढा ज्याचा त्याने लिहायचा असतो, आणि नेमका तोच सर्रास दुसऱ्याच्या प्रबंधातून उतरवला जातो. हे पान आलं कुठून ते पाहिलं, तर ते कसं लिहावं याचंही उत्तर मिळतं.

आपल्याकडे ग्रंथाच्या आरंभी गुरूला वंदन करण्याची रीत जुनी आहे. पण आजच्या ऋणनिर्देशाचा खरा पूर्वज मला ग्रंथाच्या शेवटी सापडतो. ज्ञानेश्वरीची अखेर पाहा. गोदावरीकाठचं क्षेत्र, यादव राजा रामचंद्राची राजवट, निवृत्तीनाथांची कृपा, शके १२१२ हे वर्ष आणि ग्रंथ लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, इतकं सगळं तिथे येतं. काम कुठे झालं, कोणाच्या राज्यात झालं, कोणामुळे झालं आणि लेखणी कोणाच्या हातात होती, याची ही चोख नोंद आहे. सच्चिदानंदबाबांविषयी तिथे स्तुतीचा भडिमार नाही. ते आदराने लेखक झाले, एवढंच सांगितलं आहे. त्यांनी जे केलं ते नेमकं नोंदलं गेलं, म्हणून सातशेहून अधिक वर्षं त्यांचं नाव त्या ग्रंथाला लागून राहिलं.

पुढे छापखाने आले आणि हा मजकूर मागच्या पानांवरून पुढे, प्रस्तावनेत आला. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांच्या नावांच्या याद्या छापलेल्या दिसतात. छपाईचा खर्च ज्यांनी आगाऊ वर्गणी भरून उचलला, त्यांचा तो हक्कच होता. विद्यापीठं निघाली, पदवीसाठी प्रबंध लिहिले जाऊ लागले, तेव्हा गुरू, घर आणि पैसा देणारा असे तिन्ही एकाच लेखकासमोर उभे राहिले. या तिघांना कुठे आणि किती जागा द्यायची, याचा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर नमुना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन प्रबंधांत आहे.

लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये दिला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. बाबासाहेबांनी मुंबईला परतून त्यात फेरफार केले, ऑगस्ट १९२३ मध्ये तो पुन्हा पाठवला आणि वर्षअखेरीस लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने तो पुस्तकरूपाने काढला. पुस्तक अर्पण केलं आहे आईवडिलांच्या स्मृतीस, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग आणि दाखवलेली दृष्टी यांबद्दल. आई बाबासाहेबांच्या लहानपणीच गेल्या होत्या आणि सुभेदार रामजी १९१३ मध्ये. घरच्यांचे आभार इथे प्रस्तावनेत प्राध्यापकांच्या रांगेत बसवलेले नाहीत. त्यांना वेगळं, पहिलं पान दिलं आहे.

मार्गदर्शक एडविन कॅनन यांचे आभार प्रस्तावनेच्या शेवटी येतात, आणि ते वाचताना मला दर वेळी नवल वाटतं. या गुरूचे उपकार फिटणार नाहीत असं बाबासाहेब मोकळेपणाने म्हणतात. पण लगेच कॅनन यांनी काय केलं तेही सांगतात. काम त्यांच्या बारीक देखरेखीखाली झालं आणि सैद्धांतिक विवेचन त्यांनी कठोरपणे तपासल्यामुळे बऱ्याच चुका टळल्या. याच वाक्यात आणखी एक गोष्ट आहे: पुस्तकातल्या मतांची जबाबदारी कॅनन यांच्यावर मुळीच नाही. मग एका वाक्यात विल्सन कॉलेजच्या प्राध्यापक वाडियांचे आभार येतात, कारण मुद्रितं तपासण्याचं नीरस काम त्यांनी आनंदाने अंगावर घेतलं. कॅनन यांना काही ओळी, वाडियांना एकच. ज्याने जेवढं केलं तेवढी जागा.

जबाबदारीबद्दलचं ते वाक्य औपचारिकता म्हणून आलेलं नाही. त्याच पुस्तकाला कॅनन यांनी लिहिलेला पुरस्कार वाचला की ते कळतं. सुवर्ण विनिमय पद्धतीला बाबासाहेबांचा असलेला विरोध आपल्याला मान्य नाही आणि त्यांचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत, असं गुरूंनी तिथे स्वच्छ लिहिलं आहे, आणि तरीही काही घाव अगदी वर्मी बसल्याची दाद दिली आहे. शिष्य गुरूला आपल्या मतांच्या ओझ्यातून मोकळं करतो आणि गुरू मतभेद राखून शिष्याची पाठ थोपटतो. आभारांतला आदर आणि संशोधनातलं स्वातंत्र्य एकाच पुस्तकात इतके सुखाने नांदताना क्वचितच दिसतात.

राहिला पैसा देणारा. कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर झालं होतं, दरमहा साडेअकरा पौंड, १९१३ पासून तीन वर्षं. त्या शिक्षणातून उभा राहिलेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ मध्ये छापून निघाला. तो अर्पण केला आहे सयाजीराव गायकवाड महाराजांना, शिक्षणाच्या कामी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. हे ऋण रुपयावरच्या लंडनच्या पुस्तकावर टाकलेलं नाही. ज्या अभ्यासाला बडोद्याचा पैसा लागला, त्याच अभ्यासाच्या पुस्तकावर बडोद्याचं नाव आहे.

मराठवाड्यात आज लिहिल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रबंधांच्या मुखपृष्ठावर बाबासाहेबांचंच नाव असतं. धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना पूर्वी उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावं लागे. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला. त्या मुखपृष्ठामागे चार-पाच पानांवर असतो तो ऋणनिर्देश मात्र फार वेळा ‘मोलाचे मार्गदर्शन’, ‘ज्ञात-अज्ञात हात’ आणि ‘त्यांच्या ऋणातच राहणे पसंत करतो’ या तीन खांबांवर उभा असतो.

याला एक कारण नियमातच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमावलीत साम्यतपासणीतून काही भाग वगळले आहेत. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश हे त्यांपैकी. प्रकरणातला परिच्छेद उचलला तर संगणक तो पकडतो, ऋणनिर्देश अख्खा उचलला तरी टक्केवारीत धरला जात नाही. वगळणं योग्यच आहे, कारण आभाराची भाषा थोडीफार सारखी असणारच. पण त्या सवलतीचा आडोसा होतो. नक्कल ओळखण्याची खूण सोपी आहे. मार्गदर्शकांचं नाव झाकून वाक्य वाचायचं. ते दुसऱ्या कुठल्याही प्रबंधात जसंच्या तसं बसत असेल, तर ते मुळात या प्रबंधासाठी लिहिलेलंच नाही.

जळकोटच्या एका संशोधक मुलीने प्रबंध बांधणीला देण्याआधी हे पान मला दाखवलं होतं. जळकोट तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या पुढचं गाव. विषय बोरी नदीच्या परिसरातल्या विहिरी आणि त्यांच्या पाण्याची वाटणी. काम अस्सल होतं, उन्हातान्हात फिरून केलेलं. ऋणनिर्देश अडीच पानांचा. पहिलं पाऊण पान मार्गदर्शकांच्या विशेषणांचं: ज्ञानमहर्षी, प्रेरणास्थान, दीपस्तंभ. त्यानंतर संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य. आईवडिलांना दोन ओळी. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचा उल्लेख कुठेच नाही, आणि ज्यांच्या विहिरींत टेप सोडली ते शेतकरी ‘ज्ञात-अज्ञात’मध्ये.

मी तिला विचारलं, “सरांनी तुझ्या कामात नेमकं काय केलं?”

ती म्हणाली, “मी एकदाच पातळी मोजून आले होते. सर म्हणाले, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा मोज, नाहीतर निष्कर्ष टिकायचा नाही. वर्ष गेलं माझं, पण तिसरं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे.”

“मग हेच लिही.”

“एवढंच? त्यांना वाईट वाटेल, सर.”

मी तिला समजावलं की विशेषणं कोणालाही लागू पडतात, ही गोष्ट फक्त त्यांचीच आहे. तिने पान पुन्हा लिहिलं. मार्गदर्शकांचा परिच्छेद चार वाक्यांचा झाला: दोनदा मोजणीचा आग्रह, तिसऱ्या प्रकरणाची कोष्टकं तपासणं, मसुदा परत देताना समासात लिहिलेले प्रश्न, आणि उरलेल्या चुका माझ्या आहेत ही कबुली. संशोधन केंद्र आणि ग्रंथालय यांना एकेक वाक्य. शिष्यवृत्तीचा परिच्छेद भावनेने लिहायचा नसतो, मंजुरीपत्र समोर ठेवून लिहायचा असतो. संस्थेचं पूर्ण नाव, शिष्यवृत्तीचं नाव, मंजुरीचा क्रमांक आणि कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेसारख्या संस्था तर अटच घालतात की साहाय्याचा उल्लेख करावा आणि तथ्यं, मतं व निष्कर्ष यांची जबाबदारी संशोधकाची असल्याचं नमूद करावं. बाबासाहेबांनी कॅनन यांच्याबाबत जे केलं, तेच इथे संस्थेबाबत करायचं. हा उल्लेख राहिला तर पुढे हिशोब आणि अहवाल देताना अडचण येते, हे तिला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

घरच्यांचं तिने शेवटी ठेवलं आणि तिथे तिला मुळीच आवर घालावा लागला नाही. मोटारसायकलवर मागे बसवून विहिरीविहिरीला नेणारा दादा, ती बाहेर असताना तिच्या लेकीला सांभाळणारी वहिनी, आणि शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला तेव्हा सोयाबीनच्या पट्टीतून पैसे काढून देणारे वडील. एकेक वाक्य, पण प्रत्येकात एक काम. अध्यक्ष आणि सचिव यांची नावं एका ओळीत आली. संस्थेने अभ्यासरजा दिली होती, तेवढा उल्लेख त्यांना पुरेसा आणि खरा होता. पान सव्वा झालं.

शेतकऱ्यांची नावं घालायची की नाही यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. नियमानुसार प्रबंध ‘शोधगंगा’वर चढतो आणि जगात कोणालाही वाचता येतो. पाण्याच्या वाटणीवरून भावकीत वाद असलेली घरं तिच्या नोंदींत होती. कोणी काय सांगितलं हे नावावरून गावात ओळखलं गेलं असतं. तिने प्रत्येकाला विचारायचं ठरवलं. ज्यांनी होकार दिला त्यांची नावं गावासह घातली, आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांच्यासाठी लिहिलं की नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी विहिरीची जुनी कागदपत्रं दाखवली. एका आजींनी नाव घालायला सांगितलं, पण नवऱ्याचं आडनाव नको, माहेरचं घाल म्हणाल्या. तसंच छापलं आहे.