माहिती जिथे थांबते : मजकुराचे वय ओळखण्याची कथा

एखादा मजकूर केव्हा लिहिला गेला हे त्यावर घातलेल्या तारखेवरून नेहमीच कळते असे नाही. अनेकदा ते दुसऱ्याच दोन गोष्टींवरून कळते. त्या मजकुराला काय माहीत आहे ही एक, आणि काय माहीत नाही ही दुसरी. पैकी पहिल्या गोष्टीचा उपयोग इतिहासकार निदान साडेपाचशे वर्षे करीत आले आहेत. दुसरीचे महत्त्व मात्र अलीकडे, संगणक मजकूर लिहू लागल्यावर, एकदम वाढले.

पहिल्या प्रकारचे गाजलेले उदाहरण इटलीतले आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने चौथ्या शतकात रोम शहर आणि साम्राज्याचा पश्चिम भाग पोपच्या स्वाधीन केला, असे सांगणारे एक दानपत्र मध्ययुगात प्रमाण मानले जाई. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या विद्वानाने ते बनावट असल्याचे दाखवून दिले. त्याने दानपत्रातील लॅटिन भाषा तपासली. रोमच्या अधिकाऱ्यांना तेथे ‘सत्रप’ म्हटले होते आणि कॉन्स्टंटाइनच्या काळच्या रोममध्ये हा शब्द त्या अर्थाने कोणी वापरीत नसे. शिवाय कॉन्स्टँटिनोपल हे शहर धर्मपीठ म्हणून उभे राहण्यापूर्वीच दानपत्रात त्याचा तसा उल्लेख होता. थोडक्यात, दानपत्राला स्वतःच्या काळाच्या पुढचे माहीत होते. ते आठव्या शतकाच्या सुमारास रचले गेले असावे, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात.

आता याच्या उलट स्थितीचा विचार करू. एखाद्या मजकुरावर आजची तारीख आहे, पण त्याला आजचे माहीत नाही. असे का घडावे? जुन्या पुस्तकातून उतरवून घेतले हे त्याचे साधे कारण असू शकते. २०२२ सालानंतर त्यात आणखी एका कारणाची भर पडली.

ज्यांना लँग्वेज मॉडेल किंवा भाषाप्रारूप म्हणतात, त्या संगणकीय रचना प्रचंड प्रमाणात मजकूर वाचून तयार होतात. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे त्या वाचनातून शिकतात. हे वाचन एका ठरावीक महिन्यापर्यंतच्या मजकुराचे असते. त्यानंतर प्रारूप तयार होते, तपासले जाते आणि काही महिन्यांनी लोकांच्या हाती पडते. पुढे एक-दोन वर्षे लोक ते वापरीत राहिले, तरी केवळ त्या वापरामुळे त्याच्या वाचनात नवी भर पडत नाही. वाचन जिथे थांबले त्या महिन्याला आपण माहितीची सीमारेषा म्हणू. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा त्यामागच्या प्रारूपाची सीमारेषा सप्टेंबर २०२१ ही होती. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच ते सव्वा वर्ष मागे होते.

या सीमारेषेची कबुली प्रारूप स्वतःच देई. ‘माझ्या माहितीच्या शेवटच्या नोंदीनुसार’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य त्याच्या उत्तरात वारंवार येत असे. उत्तर न वाचता जसेच्या तसे उतरवणाऱ्यांच्या लेखात ते वाक्यही उतरले. २०२४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी गूगल स्कॉलर या शोधयंत्रात अशी ठरावीक वाक्ये शोधली. यंत्राची मदत घेतल्याचे न सांगता लिहिलेले, संशयास्पद असे १३९ लेख त्यांना सापडले. आरोग्य आणि पर्यावरण हे विषयही त्यांत होते. संशोधनाच्या नोंदीत शिरलेला असा लेख पुढे दुसरा कोणी आधार म्हणून वापरतो, आणि शिळी माहिती नव्या तारखेने पुढे जाते. खरा धोका इथे आहे.

पण असे वाक्य खोडायला एक क्षण पुरतो. मागे राहते ती माहिती. तिचे वय कसे काढायचे, हे शनीच्या चंद्रांवरून पाहू. आकाशनिरीक्षणात भर पडत गेली तशी ही संख्या बदलत गेली, आणि प्रत्येक बदलाची तारीख आपल्याजवळ आहे. ऑक्टोबर २०१९ पर्यंत शनीचे ६२ चंद्र मोजले जात, तर गुरूचे ७९. त्या महिन्यात शनीच्या २० नव्या चंद्रांची घोषणा झाली, संख्या ८२ झाली आणि शनी पहिल्या क्रमांकावर आला. २०२१ च्या अखेरीस त्यात आणखी एकाची भर पडली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत गुरूच्या चंद्रांची संख्या ९२ वर गेली व शनी मागे पडला. मे २०२३ मध्ये शनी १४५ वर पोहोचला आणि पुन्हा पुढे गेला. मार्च २०२५ मध्ये आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळून संख्या २७४ झाली. तेव्हा ‘सर्वाधिक चंद्र गुरूला, एकूण ९२’ असे कोणी लिहिले असेल, तर ती माहिती २०२३ सालच्या तीन-चार महिन्यांतलीच असणार.

आता उदाहरणासाठी मी रचलेला एक उतारा घेऊ. तो जानेवारी २०२४ मधील शालेय विज्ञान प्रदर्शनाच्या पुस्तिकेत आहे अशी कल्पना करा.

‘सध्या शनीला सर्वाधिक म्हणजे ८२ चंद्र आहेत. जेम्स वेब अवकाश दुर्बीण ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी सोडण्याचे नियोजन आहे. चांद्रयान-३ मोहीम २०२२ मध्ये अपेक्षित आहे. मापनपद्धतीतील सर्वांत मोठा उपसर्ग योटा हा आहे.’

एकेक वाक्य तपासू आणि प्रत्येकापुढे दोन तारखा मांडू : ही माहिती कधीपासून खरी होती, आणि कधीपर्यंत. ८२ चंद्र ही संख्या ऑक्टोबर २०१९ पासून २०२१ च्या अखेरीपर्यंत बरोबर होती. वेब दुर्बिणीसाठी ३१ ऑक्टोबर ही तारीख जुलै २०२० मध्ये ठरली आणि ८ सप्टेंबर २०२१ रोजी ती डिसेंबरवर ढकलली गेली. दुर्बीण प्रत्यक्षात २५ डिसेंबर २०२१ रोजी उडाली. चांद्रयान-३ चे उड्डाण २०२१ च्या सुरुवातीला २०२२ वर ढकलले गेले. ते झाले १४ जुलै २०२३ रोजी, आणि यान २३ ऑगस्टला चंद्रावर उतरले. योटा हा सर्वांत मोठा उपसर्ग नोव्हेंबर २०२२ पर्यंत होता; त्या महिन्यात रोना आणि क्वेटा हे त्याहून मोठे उपसर्ग स्वीकारले गेले. चारही वाक्ये एकाच वेळी खरी ठरतील असा काळ शोधला, तर तो २०२१ च्या सुरुवातीपासून त्याच वर्षाच्या सप्टेंबरपर्यंतचा निघतो.

इथे एक पथ्य पाळायला हवे. उताऱ्यात एखाद्या नव्या घटनेचा उल्लेख नाही, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. लेखकाला ती घटना महत्त्वाची वाटली नसेल. खूण ठरते ती ‘सध्या’, ‘अपेक्षित आहे’ अशा शब्दांनी ठामपणे सांगितलेली, पण मुदत संपलेली गोष्ट.

माहिती शिळी आहे हे आता ठरले. पण ती यंत्राची की माणसाची? माणसाची शिळी माहिती सहसा ठिगळांची असते. एखादे शिक्षक वर्तमानपत्रातून चांद्रयानाची ताजी बातमी घेतील आणि शनीचे चंद्र मात्र विद्यार्थिदशेत पाठ केलेले, १८ असे लिहितील. कोणी २००६ नंतरही ग्रह नऊ म्हणेल, पण नवा उपसर्ग त्याला ठाऊक असेल. प्रत्येक ठिगळाचे वय वेगळे. आपल्या उताऱ्यात खगोलशास्त्र, अवकाशमोहीम आणि मापनपद्धती ही तीन वेगळी क्षेत्रे एकाच सुमारास थांबली आहेत. शिवाय २०२४ च्या भारतात राहणाऱ्या माणसाला चांद्रयान-३ उतरल्याचे माहीत नसणे अवघड आहे. सर्व घड्याळे एकाच वेळी बंद पडलेली दिसली, की कारणही एकच असावे अशी शंका येते.

ही शंका कितपत भरवशाची आहे? दोन कारणांनी ती कमकुवत होते. पहिले कारण सीमारेषेच्या स्वरूपात आहे. ती भिंतीसारखी सरळ नसते. एखाद्या घटनेविषयीचे लेखन त्याच महिन्यात संपत नाही, पुढे कित्येक वर्षे चालू राहते. त्यामुळे वाचन थांबले त्याच्या आधीच्या काही महिन्यांविषयी प्रारूपाला फारच थोडा मजकूर मिळालेला असतो. ‘८२ चंद्र’ सांगणारी पाने पुष्कळ, ‘८३ चंद्र’ सांगणारी थोडी. म्हणून पुढे वाचलेले प्रारूपही ८२ म्हणू शकते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये अनेक प्रारूपे याच दृष्टीने तपासली. एकाच विषयाच्या निरनिराळ्या महिन्यांतील आवृत्त्या प्रारूपाला दाखवायच्या आणि कोणती आवृत्ती त्याला सर्वांत ओळखीची वाटते हे मोजायचे, अशी ती पद्धत होती. जाहीर केलेल्या सीमारेषेपेक्षा प्रत्यक्षातली बरीच मागे असल्याचे अनेकदा आढळले. नव्या संकलनातही जुन्या पानांच्या किंचित बदललेल्या प्रती मोठ्या संख्येने शिरतात, हे त्याचे एक कारण होते.

दुसरे कारण काळाचे आहे. सप्टेंबर २०२१ ही रेषा बराच काळ स्थिर राहिली, म्हणून ती ओळखीची झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या प्रारूपाची रेषा एप्रिल २०२३ होती, आणि पुढे प्रत्येक नव्या प्रारूपाबरोबर ती सरकत गेली. महाजालावर शोध घेऊन मग उत्तर रचणारी साधनेही आली. त्यांच्या मजकुरात ताजी माहिती असू शकते. म्हणून शिळेपणा दिसला नाही, यावरून मजकूर माणसाचाच असे मुळीच म्हणता येत नाही.

मग शिक्षकांनी या खुणेचे करायचे काय? तिच्यावरून माहितीचे वय निघते, लेखक निघत नाही. २०२१ साली छापलेले पुस्तक किंवा तेव्हापासून न बदललेले मराठी संकेतस्थळ समोर ठेवून प्रामाणिकपणे निबंध लिहिणाऱ्या मुलीच्या वहीतही वरचीच चार वाक्ये उतरू शकतात, आणि तेथेही सर्व घड्याळे एकाच वेळी थांबलेली दिसतील. म्हणून आरोपाऐवजी आधार विचारावा. चुकीच्या प्रत्येक विधानापुढे ‘कधीपासून खरे, कधीपर्यंत खरे’ या दोन तारखा विद्यार्थ्याकडूनच लिहून घ्याव्यात आणि ‘हे कोठून घेतलेस?’ असे विचारावे. पुस्तक असेल तर ते दाखवता येईल आणि त्यावरचे प्रकाशनवर्ष काढलेल्या काळाशी जुळेल. आधार दाखवता आला नाही, तरी त्यावरून एवढेच म्हणता येते की या माहितीचा उगम कळलेला नाही. उत्तर काहीही येवो, शनीच्या चंद्रांची संख्या वर्षासह लिहायची असते हे मात्र तो विद्यार्थी शिकलेला असेल.