पॅनल तुम्हाला आधीच ओळखतं, मग प्रमोशनच्या मुलाखतीत सांगायचं काय?

नवीन कंपनीत मुलाखत असेल तर समोरच्यांना तुमच्याबद्दल फक्त बायोडेटात लिहिलंय तेवढंच माहीत असतं. प्रमोशनच्या मुलाखतीत उलटं होतं. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाने तुमचं काम रोज पाहिलेलं असतं. गेल्या दिवाळीत तुम्ही कुठे चुकलात, कुणाशी वाजलं, कोणतं काम नेहमी शेवटच्या दिवसावर जातं, हे सगळं त्याला ठाऊक असतं.

मग अशा मुलाखतीची तयारी कशी करायची? रायगडच्या किनाऱ्यावरचं एक उदाहरण घेऊन समजून घेऊया.

काशीदचं उदाहरण

मुरुड तालुक्यातलं काशीद हे मुंबई-पुण्याच्या पर्यटकांचं वीकेंडचं ठिकाण. इथल्या हॉटेल-रिसॉर्टचं गणित शनिवार-रविवार, मे महिना आणि डिसेंबरअखेरवर चालतं. पावसाळ्यात समुद्र खवळतो, गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद असतात आणि गर्दी ओसरते.

समजा, इथल्या ३० खोल्यांच्या एका रिसॉर्टमध्ये एक तरुण चार वर्षं रिसेप्शनवर काम करतोय. आता फ्रंट ऑफिस सुपरवायझरची जागा निघाली आहे आणि जुलैमध्ये मुलाखत आहे. पॅनलमध्ये तिघं आहेत: जनरल मॅनेजर, त्याचे थेट वरिष्ठ असलेले फ्रंट ऑफिस मॅनेजर आणि हाउसकीपिंगच्या प्रमुख मॅडम.

तरुण पाहुण्यांशी उत्तम बोलतो, पण त्याची एक सवय सगळ्यांना माहीत आहे. चेक-इन दुपारी १ वाजता असतं. मुंबईहून पहाटे निघालेली कुटुंबं मात्र १० वाजताच दारात उभी राहतात. पाहुणा रागावू नये म्हणून हा "अर्ध्या तासात रूम देतो" असं सांगून मोकळा होतो. खोली तयार आहे का, हे हाउसकीपिंगला न विचारताच. मग तासाभराने पाहुणा आरडाओरडा करतो आणि बोलणी हाउसकीपिंगला बसतात.

पॅनल ओळखतं, म्हणजे नेमकं काय ओळखतं?

इथे बहुतेक उमेदवार दोनपैकी एक चूक करतात. पहिली चूक म्हणजे "त्यांना सगळं माहीतच आहे" असं धरून अर्धवट उत्तरं देणं. दुसरी म्हणजे त्यांना जे पक्कं माहीत आहे, तेच लपवायला जाणं.

खरं तर पॅनलमधल्या प्रत्येकाने तुमचा एकेक तुकडाच पाहिलेला असतो. जनरल मॅनेजरने पाहुण्यांचे रिव्ह्यू वाचलेत, पण रात्री २ वाजता बंद पडलेल्या जनरेटरच्या वेळी काउंटर कुणी सांभाळला, हे त्यांना कळलेलं नसेल. हाउसकीपिंगच्या मॅडमनी फक्त शनिवारचा गोंधळ पाहिलाय.

शिवाय एका गोष्टीवरून बनलेलं मत बाकीच्या गोष्टींवरही पसरतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासून हे दाखवलं होतं. एका गुणात वर असलेल्या माणसाला बाकीच्या गुणांतही वरचेच गुण मिळत होते. याला 'हेलो इफेक्ट' म्हणतात. तो उलट्या दिशेनेही चालतो. "हा शब्द देऊन मोकळा होतो" असं एकदा ठरलं, की त्याचं नीट ठेवलेलं कॅशचं काम दिसेनासं होतं.

आणखी एक गोष्ट म्हणजे अनेक ठिकाणी सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून उत्तरांना गुण दिले जातात. तिथे जे तोंडातून बाहेर आलं, त्याचीच नोंद होते. जनरेटरचा किस्सा वरिष्ठांना माहीत असला तरी तुम्ही सांगितला नाही, तर कागदावर येत नाही. त्यामुळे "सरांना माहीत आहेच" एवढ्यावर थांबू नका. "सरांना हे माहीत आहे, तरी सगळ्यांसाठी थोडक्यात सांगतो" असं म्हणा आणि प्रसंग पूर्ण सांगा: काय घडलं, तुम्ही काय केलंत, त्यातून काय झालं.

तयारी कुठून सुरू करायची?

एका कागदावर तीन रकाने करा. पॅनलमधल्या प्रत्येकासमोर लिहा: यांनी माझं काय पाहिलंय, काय पाहिलेलं नाही आणि मला ही जागा देताना यांना कसली भीती वाटेल?

आपल्या उदाहरणात मॅडमची भीती स्पष्ट आहे. आज हा एकटा खोटे शब्द देतो, उद्या सुपरवायझर झाला तर सगळं काउंटर तेच करेल. मुलाखतीतला सगळ्यात अवघड प्रश्न तिथूनच येणार.

मग अंदाजावर न थांबता थेट वरिष्ठांना विचारा, निदान दोन-तीन आठवडे आधी. "माझं काम कसं वाटतं?" असं विचारलं तर "चांगलंय" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी "या जागेसाठी माझ्याबद्दल कोणती शंका निघू शकते, सर?" असं विचारा. वरिष्ठ स्वतः पॅनलवर असतील तर ते प्रश्न सांगणार नाहीत, आणि तुम्ही विचारूही नयेत. पण कामातली उणीव विचारण्यात गैर काही नाही.

मागचे वार्षिक मूल्यमापनाचे कागदही काढा. सरकारी नोकरीत हा तुमचा हक्कच आहे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं, की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, मग ती चांगली असो वा वाईट. खासगी ठिकाणी असा सरसकट नियम नाही, पण एचआरकडे मागून पाहता येतं.

उणिवेबद्दल बोलायचं कसं?

"मी फारच परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर अनोळखी पॅनलसमोरही फारसं चालत नाही. ओळखीच्या पॅनलसमोर तर ते हास्यास्पद ठरतं. इथे चार गोष्टी क्रमाने सांगायच्या असतात: काय चुकत होतं, त्यात माझा वाटा काय होता, कधीपासून काय बदललं आणि अजून काय बाकी आहे.

आपला तरुण असं म्हणू शकतो:

"मॅडम, शनिवारी मी न विचारता लवकर रूम देण्याचा शब्द द्यायचो आणि त्याचा त्रास तुमच्या टीमला व्हायचा. समोरचा पाहुणा शांत व्हावा एवढंच मी बघत होतो. गेल्या सप्टेंबरपासून मी पाहुण्याला वेळ सांगण्याआधी फ्लोअरवर फोन करतो आणि मिळालेली वेळ लॉगबुकमध्ये लिहितो. आधीच्या डिसेंबर-जानेवारीत रिसॉर्ट फुल असलेल्या आठ शनिवारी रूम उशिरा मिळाल्याच्या ११ तक्रारी होत्या. या हंगामात तशाच आठ शनिवारी ३ झाल्या. त्यातल्या दोन मी काउंटरवर एकटा असतानाच्या आहेत. एकटा असलो की फोन राहून जातो, तो भाग अजून सुटलेला नाही."

हे उत्तर टिकतं, कारण यातली प्रत्येक गोष्ट पॅनल लॉगबुक उघडून तपासू शकतं. शेवटचं वाक्य विसरू नका. "आता सगळं ठीक आहे" असं म्हटलं तर मॅडमना गेल्या महिन्यातला एखादा शनिवार आठवणारच. बाकी राहिलेलं तुम्हीच सांगितलं, तर त्यांना ते शोधून काढावं लागत नाही.

आकडे निवडतानाही जपा. याच तरुणाने "मेमध्ये ९ तक्रारी होत्या, जूनमध्ये २ वर आणल्या" असं सांगितलं असतं तर? काशीदमध्ये जूनला गर्दीच कमी असते. तक्रारी पावसाने कमी केल्या, त्याने नाही, हे टेबलावरच्या तिघांनाही लगेच कळलं असतं. तुलना सारख्या काळाचीच करा: फुल शनिवारची फुल शनिवारशी.

आणि सुधारणा झालीच नसेल तर? मग ती झाली असं दाखवू नका. मुलाखतीची तारीख कळल्यावर दोन आठवडे वेळेवर येऊ लागलेला माणूस सगळ्यांच्या लक्षात येतो. त्यापेक्षा "हे मी उशिरा मनावर घेतलं, सुरुवात या महिन्यात केली आहे" असं म्हणणं बरं.

जुनं काम पुरेसं नाही

आजच्या कामात चांगला असलेला माणूस पुढच्या कामातही चांगला असेलच असं नाही. अॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या अभ्यासकांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सेल्सच्या नोकऱ्यांबद्दल हेच मांडलं. जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण मॅनेजर म्हणून त्यांच्या टीमची कामगिरी तुलनेने कमी पडत होती.

त्यामुळे पॅनल हमखास असा प्रश्न विचारतं: "काल तुझ्यासोबत जेवणारा सहकारी उद्या ड्युटीवर उशिरा आला, तर काय करशील?" यावर "समजावून सांगेन" हे उत्तर अपुरं आहे. पहिल्या वेळी बाजूला घेऊन बोलेन, दुसऱ्यांदा शिफ्टच्या रजिस्टरमध्ये नोंद करेन, तिसऱ्यांदा मॅनेजरकडे नेईन, आणि हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवेन, असं नेमकं उत्तर हवं.

तरुणाने आपली उणीवही इथेच जोडून घ्यावी. सुपरवायझर झाल्यावर शनिवारी सकाळी ९ वाजता हाउसकीपिंगकडून तयार खोल्यांची यादी घेईन आणि त्या यादीबाहेरची वेळ काउंटरवरून कुणी सांगणार नाही, असं तो म्हणाला, तर मॅडमच्या भीतीला थेट उत्तर मिळतं.

गाडी कुठे घसरते?

बहुतेकदा दुसऱ्याकडे बोट दाखवताना. "हाउसकीपिंग वेळेवर खोल्या देत नव्हतं" हे अर्धं खरं असेलही. पण त्या विभागाच्या प्रमुख समोर बसल्या आहेत आणि यापुढे रोज त्यांच्यासोबतच काम करायचं आहे. अडचण सांगायचीच असेल तर माणसाची नको, व्यवस्थेची सांगा: "शनिवारी चेक-आउट ११ ला आणि चेक-इन १ ला, म्हणजे खोल्यांना दोनच तास मिळतात."

घसरल्याची खूण ओळखणं सोपं आहे. पॅनलमधली माणसं उत्तर ऐकून एकमेकांकडे पाहू लागली, किंवा "पण त्या दिवशी तर..." अशी सुरुवात झाली, की तुमचं म्हणणं त्यांच्या आठवणीशी जुळलेलं नाही. तेव्हा वाद घालू नका. "बरोबर, तो दिवस माझ्याकडून राहिला" असं म्हणून तो प्रसंगही आपल्या उत्तरात घ्या.

निवड झाली नाही तर?

अशा मुलाखतीनंतर दुसऱ्या दिवशी त्याच माणसांसमोर कामाला उभं राहायचं असतं. आठवडाभराने वरिष्ठांना एकच प्रश्न विचारा: "पुढच्या वेळेपर्यंत माझ्यात कोणता बदल दिसायला हवा?" उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या मुलाखतीत उणिवेबद्दल जे बोलायचं, त्याचा पहिला पुरावा तीच नोंद असेल.