एकाच नळाचं पाणी, आजार दोन : टायफॉईड आणि कावीळ कशी ओळखायची, घरात काय करायचं

आमच्या गल्लीतल्या एका घरातली गोष्ट. ४ जुलैला घरातल्या चुलत्यांना ताप भरला. तो टायफॉईड निघाला. २० जुलैला त्याच घरातल्या दहा वर्षांच्या पोराचे डोळे पिवळे झाले. घरच्यांनी खापर आठवड्यापूर्वीच्या लग्नातल्या जेवणावर फोडलं. पण हिशेब तसा बसत नाही.

टायफॉईडचे जंतू पोटात गेल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांनी ताप येतो, कधी त्याहून उशिराही. कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए, ती दिसायला सरासरी चार आठवडे लागतात. दोन्ही तारखांवरून मागे मोजलं तर बोट २२ जूनच्या आसपास थांबतं. तेव्हाच पहिला मोठा पाऊस झाला, गटार तुंबलं आणि नळाच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं.

आपल्याकडे नळाला दाब नसतो. म्हणून खड्डा खणून नळ खाली घेतात, नाहीतर थेट नळाला मोटर लावतात. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो. मोटर लावली की तो आणखी जोरात ओढतो. मग कुठं जॉईंट ढिला असेल तर पाण्याबरोबर गटाराचं पाणीही आत येतं. हे दोन्ही आजार माणसाच्या विष्ठेतून पसरतात, त्यामुळं गटाराचा शिरकाव एवढा घातक. टाकीत टीसीएल बरोबर पडली असली, तरी पुढं पाईपमध्ये घाण शिरली तर तिचा जोर पुरत नाही.

आता ओळख. टायफॉईडला जुनी माणसं मुदतीचा ताप म्हणतात. ताप रोज थोडा थोडा चढत जातो, डोकं दुखतं, भूक मरते, जिभेवर पांढरा थर येतो. पोट दुखतं, कुणाला जुलाब तर कुणाला उलट बद्धकोष्ठ होतो. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टरकडे जाच. विडाल तपासणी पहिल्या आठवड्यात फारशी भरवशाची नसते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताची कल्चर तपासणी करता येईल का, हे विचारा. औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला तीन ते पाच दिवस जातात. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या की ताप परत उलटतो. पोटात अचानक जोरात दुखलं किंवा काळी शौच झाली तर थांबू नका, आतड्याला भोक पडलेलं किंवा आत रक्तस्राव होत असू शकतो. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

कावीळीत आधी मळमळ, थकवा, अन्नाचा तिटकारा आणि थोडा ताप येतो. मग लघवी गडद होते, त्यानंतर डोळे पिवळे. लहान पोरांमध्ये पुष्कळदा पिवळेपणा दिसतच नाही, पण ती आजार पसरवतात. माणूस पिवळा दिसायच्या दोन आठवडे आधीपासून जंतू बाहेर टाकत असतो. यावर विषाणू मारणारं औषध नाही. बहुतेक जण आराम, पाणी आणि साध्या जेवणावर बरे होतात. डाग देणं, नाकात रस घालणं यानं लिव्हर सुधारत नाही. दारू पूर्ण बंद, आणि पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरला विचारूनच. पेशंट गुंगीत गेला, बडबडू लागला किंवा रक्त येऊ लागलं तर लगेच हलवा. गरोदर बाईला कावीळ दिसली तर एक दिवसही घरी ठेवू नका, कारण पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही दुसरी कावीळ तिला जास्त धोक्याची असते.

घरचं पाणी कसं करायचं? नळ सुटल्यावर पहिलं गढूळ पाणी वाहून जाऊ द्या, ते जनावरांनाही पाजू नका. नंतरचं पाणी चार पदरी स्वच्छ कापडातून गाळा. खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तशीच ठेवा. जळण नसेल तर क्लोरीनची अर्ध्या ग्रॅमची गोळी वीस लिटर पाण्याला एक पुरते. पण गोळ्या वेगवेगळ्या येतात, पाकिटावरचं प्रमाण आधी वाचा. गोळी टाकून अर्धा तास झाकून ठेवा, मगच प्या. गढूळ पाण्यात ती नीट काम करत नाही, म्हणून आधी गाळणं. वास थोडा येईल, तो आला तर बरंच.

त्या घरात पाणी उकळलेलंच होतं, असं बाई म्हणत होत्या. पण हंड्यात प्रत्येक जण हात बुडवून तांब्या भरायचा! शौचाहून आलेलं पोर साबणाशिवाय हात बुडवतं, मग उकळून काय उपयोग? दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचं भांडं. आणि ओगराळं हंड्याच्या आत सोडू नका, खिळ्याला टांगा. बाजारातल्या सरबताच्या बर्फाचाही विचार करा, गोठल्यानं कावीळीचा विषाणू मरत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्टनं बघता येतं. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. ही टेस्ट टाकीजवळ नको, गल्लीतल्या शेवटच्या नळावर करायला सांगा.