चार कृष्ण आणि एक रकाना

वधू-वर सूचक मंडळाचा छापील अर्ज आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. उंची, शिक्षण, नोकरी, गोत्र आणि मग एक रकाना येतो, ‘वर्ण’. त्यात लिहिण्याचे शब्द ठरलेले आहेत. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. ‘काळा’ असे कुणीच लिहीत नाही. काळी मुलगी अर्जात सावळी होते, सावळी गव्हाळ होते आणि गव्हाळ मुलगी निमगोरी होते. प्रत्येक जण एक पायरी वर चढून बसतो, कारण खालच्या पायरीवर बसलेल्याकडे कुणी पाहत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. गंमत अशी, की ‘सावळा’ हा शब्द मराठीत सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत जास्त प्रेमाने कुणासाठी वापरला गेला असेल, तर तो पंढरपूरच्या विठ्ठलासाठी. संध्याकाळी भजनात जो शब्द डोळ्यांत पाणी आणतो, तोच सकाळी अर्जात लिहिताना पेन अडखळते.

असे का झाले, याचा विचार करताना मी महाभारताकडे वळतो. भारतातल्या कुठल्याही कवीला त्या ग्रंथाकडे वळावेच लागते. तो कुठल्या घरात जन्मला, याचा त्याच्याशी संबंध नाही. या महाभारतात कृष्ण एक नाही, चार आहेत, आणि चौघांनाही हे नाव त्यांच्या रंगावरून मिळालेले आहे.

पहिला कृष्ण म्हणजे खुद्द ग्रंथकर्ता. व्यासांचे नाव कृष्ण द्वैपायन. यमुनेच्या बेटावर जन्मले म्हणून द्वैपायन आणि वर्णाने काळे म्हणून कृष्ण. त्यांची आई सत्यवती, तिचेही एक नाव काली. आता या काळ्या ऋषीमुळे कुरुकुलात काय घडले ते पाहा. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला. वंश चालावा म्हणून सत्यवतीने आपल्या या मुलाला बोलावले आणि सुनांना त्याच्याकडे पाठवले. थोरली अंबिका. तिने त्याचा काळा चेहरा, पिंगट जटा, पेटलेले डोळे पाहिले आणि भीतीने डोळे मिटून घेतले. तिला आंधळा मुलगा झाला, तो धृतराष्ट्र. धाकटी अंबालिका. तिने डोळे मिटले नाहीत, पण ती पांढरीफटक पडली. तिला फिकट मुलगा झाला, तो पांडू. तिसऱ्या खेपेला अंबिकेने स्वतः न जाता दासीला पाठवले. दासी घाबरली नाही. तिने ऋषीचे नीट आदरातिथ्य केले, आणि तिच्या पोटी विदुर जन्मला, साऱ्या राजवाड्यात शहाणा म्हणावा असा एकच माणूस.

अंबिकेला नुसत्या रंगाची भीती वाटली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रानात तप केलेल्या माणसाचा एकूण अवतारच भयंकर होता. पण काळा रंग त्या यादीत आहे, हे नाकारता येत नाही. आणि कथेचा न्याय कुणाच्या बाजूने आहे, हेही स्पष्ट आहे. जिने त्या चेहऱ्याकडे पाहायचे नाकारले, तिच्या मुलाला काहीच दिसले नाही. त्या दासीचे नाव मात्र कथेने सांगितलेले नाही.

दुसरा कृष्ण अर्जुन. अज्ञातवास संपत आला असताना विराटाचा मुलगा उत्तर त्याला विचारतो, तू खरेच अर्जुन असशील तर तुझी दहा नावे सांग. अर्जुन सांगतो आणि एकेका नावाचा अर्थही सांगतो. ‘अर्जुन’ या शब्दाचा अर्थ शुभ्र. तो अर्थ उलगडताना तो आपल्या शुद्ध कर्मांचा दाखला देतो. दहावे नाव ‘कृष्ण’. ते वडिलांनी ठेवले, सावळे पोर लाडके होते म्हणून. मला ही जागा फार आवडते. बापाचे नावच पांडू, म्हणजे फिकट, आणि तो आपल्या काळ्यासावळ्या मुलाला लाडाने कृष्ण म्हणतो. पुढे युद्धात एका रथावर दोघे बसतात तेव्हा महाभारत त्यांना संस्कृतच्या द्विवचनात ‘दोन कृष्ण’ म्हणते, एक लगाम धरणारा आणि एक धनुष्य धरणारा. तिसऱ्या कृष्णाची, म्हणजे देवकीच्या मुलाची, ओळख करून देण्याची गरज नाही.

चौथी द्रौपदी. द्रुपदाच्या यज्ञवेदीतून ती बाहेर आली तेव्हाच काळी होती, म्हणून तिचे नाव कृष्णा ठेवले. द्रौपदी हे तर नुसते बापाच्या नावावरून पडलेले नाव. तिच्या अंगाला निळ्या कमळाचा गंध होता आणि तो कोसभर पसरे, असे वर्णन आहे. स्वयंवराला देशोदेशीचे राजे जमले, एकमेकांच्या जिवावर उठले. ‘काळी असली तरी सुंदर’ असे तिच्याबद्दल म्हणत नाहीत. काळी आणि सुंदर, ही दोन्ही विशेषणे शेजारीशेजारी सुखाने नांदतात.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे आमच्याकडे सगळे ठीक होते, इंग्रज आला आणि गोऱ्या कातडीचे वेड लावून गेला. हे उत्तर सोयीचे आहे, पण पुराणेच ते टिकू देत नाहीत. शंकराने थट्टेत पार्वतीला ‘काली’ म्हटले, ती रागावून तपाला बसली, काळी कात टाकली आणि गोरी होऊन परतली, म्हणून गौरी. भाद्रपदात आपण तिला घरी आणतो. नवऱ्याने रंगावरून मारलेला टोमणा आणि त्यासाठी बाईने सोसलेले कष्ट त्या कथेत स्पष्ट आहेत. तेव्हा गोऱ्याचे कौतुक इथे जुनेच. फरक असा, की त्याच्या शेजारी काळ्याचेही कौतुक उभे होते. गौरीच्या देशात कृष्णाही होती. ती कुठे गेली, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या मते ती चित्रांत हरवली. संस्कृतातला ‘नील’ हा शब्द निळ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत पसरलेला आहे. पावसाळी ढगाला तो चालतो आणि केसांनाही चालतो. चित्रकाराला मात्र शब्दासारखे मोघम राहता येत नाही. त्याला कुंचला एकाच रंगात बुडवावा लागतो. कांगड्याच्या लघुचित्रांतच कृष्ण निळा झालेला दिसतो. पण ती चित्रे राजवाड्यातल्या मूठभर लोकांनी पाहिली. घराघरात चित्र पोहोचवले ते छापखान्याने. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकाच कागदावर एकावर एक नेमके बसवलेले छाप, असे ते किचकट काम होते. त्या कागदांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या कॅलेंडरांनी भिंतीभिंतीवर देव नेले. ज्याच्या दारात देऊळ नव्हते, त्याच्याही घरात देव आला, ही मोठीच गोष्ट झाली.

पण त्यात एक वाटणी झाली. राम आणि कृष्ण निळे झाले. निळा रंग माणसाच्या कातडीचा नसतो, त्यामुळे ती देवपणाची खूण ठरली. आता त्या रंगाचा शेतात उन्हाने रापलेल्या पाठीशी काही संबंध उरला नाही. उरलेले तिघे कृष्ण देव नव्हते. त्यांना निळे करता येईना, आणि काळे करण्याची कुणाला इच्छा नव्हती. मग ते गोरे झाले. रविवर्म्याची सैरंध्री पाहा, म्हणजे विराटाघरची द्रौपदी. वेदीतून काळी जन्मलेली ही बाई चित्रात उजळ कांतीची आहे. अर्जुनाचे तेच, व्यासांचे तेच. १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारी दूरदर्शनवरची ‘महाभारत’ मालिका आली, तेव्हा तर चौथ्यालाही निळा रंग लावायची गरज उरली नव्हती. नितीश भारद्वाजांचा कृष्ण लोकांना आवडला, मलाही आवडला. पण चार कृष्णांच्या त्या कथेत काळे कुणीच नव्हते.

दगडाने मात्र रंग सोडला नाही. विठ्ठल काळाच राहिला. नाशकात पेशवाईतल्या सरदार ओढेकरांनी बांधलेल्या मंदिरातला राम काळा आहे आणि मंदिराचे नावच काळाराम. (त्याच नाशकात गोऱ्या रामाचेही मंदिर आहे. कुठल्या रामाला नवस लवकर पावतो, याची मी चौकशी केलेली नाही.) याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे बंद करण्यात आले आणि सत्याग्रह पुढे काही वर्षे चालूनही ते उघडले नाहीत. आत काळा देव, बाहेर उन्हात उभी असलेली माणसे. सावळ्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देवाचा काळा रंग पूजणे आणि त्या रंगाच्या माणसाला जवळ करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपला समाज त्या वेगळ्या ठेवण्यात पटाईत आहे.

यात ‘तुमचा समाज’ असे मी म्हणत नाही. इस्लाममध्ये पहिली अजान देणारे हजरत बिलाल हबशी होते, काळे होते, आणि त्यांचे नाव आम्ही अदबीने घेतो. पण सून पाहायला गेलेल्या आमच्या बायका परत आल्या की पहिला प्रश्न ‘रंग कैसा है?’ हाच असतो.

या प्रश्नावर मोठा बाजार उभा राहिला. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली बाजारात आले. २०२० साली जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला तेव्हा त्याच्या नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगानुसार स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. खेड्यापाड्यांत मात्र औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड असलेली मलमे चिठ्ठीशिवाय नेली जातात. पहिले काही दिवस चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लालसर होते, उन्हात आग होते, आणि मलम थांबवले की त्रास उलट वाढतो, म्हणून मुलगी ते थांबवत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे अशा मुली नेहमी येतात.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणा म्हणून गेलो होतो. वस्त्रहरणाचा प्रवेश बसवला होता. पडद्यामागे डोकावलो तर रंगभूषा चालली होती. द्रौपदीचे काम करणारी मुलगी चांगली सावळी होती, आवाज खणखणीत. तिच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपरापर्यंत हातांवर गोरा रंग थापणे चालू होते. मी रंगभूषाकाराला विचारले, हे कशासाठी? तो म्हणाला, ‘‘साहेब, राणी आहे ना ती.’’ शेजारच्या बाकावर कृष्णाचे काम करणारा मुलगा बसला होता. तो गोरापान होता. त्याला निळा रंग लावणे चालले होते.