दोन पासपोर्ट आणि एक उंबरठा

एका माणसाला दोन देश आपला म्हणतात, तेव्हा बंदरावर किंवा विमानतळावर त्याने कोणता पासपोर्ट पुढे करावा? या प्रश्नाचे उत्तर गोव्याच्या इतिहासात सापडते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढे १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने तेथे जन्मलेल्यांना भारताचे नागरिक ठरविले. ज्यांना पोर्तुगीज नागरिकत्व राखावयाचे होते, त्यांना तसे लेखी कळविण्यास एक महिन्याची मुदत दिली. धर्मगुरू मोंतेरो यांनी तसे कळविले. त्यांना परकीय म्हणून राहण्याचा परवाना मिळाला. त्याची मुदत संपली, पण त्यांनी ती वाढवून घेतली नाही. खटला झाला. गोवा हा व्याप्त प्रदेश असल्याने आपल्याला जिनीव्हा कराराचे संरक्षण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गोवा भारतात विलीन झाल्याने व्याप्ती संपली, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ते अमान्य केले. मोंतेरो यांनी निवड केली होती आणि तिचे परिणामही त्यांच्याच वाट्याला आले.

पण ज्यांनी काहीच कळविले नाही, त्यांचे काय? ते भारतीय झाले. पोर्तुगालने १९७४ च्या तहाने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तरी तेथील कायदा १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या संततीला आपले मानतो. लिस्बनच्या मध्यवर्ती दप्तरात जन्माची नोंद केली की पासपोर्ट मागता येतो.

येथेच गाठ पडते. भारतीय नागरिकत्वाच्या नियमांप्रमाणे परदेशी पासपोर्ट मिळविणे हा परके नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच, इजहार अहमद खान यांच्या खटल्यात, हा नियम वैध ठरविला. म्हणून 'जाताना भारतीय, येताना पोर्तुगीज' ही युक्ती टिकत नाही. समजा, एखादा तरुण भारतीय पासपोर्टावर बाहेर पडला, लिस्बनला पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि भारतीयच दाखवून परतला. अधिकारी पाने उलटतो. तिकडच्या दीर्घ वास्तव्याचा परवाना त्यात नसतो. 'इतके दिवस राहिलात कशाच्या आधारावर?' या प्रश्नाला खरे उत्तर एकच असते. उलट पोर्तुगीज पासपोर्टावर यायचे, तर त्यात भारताचा व्हिसा हवा, किंवा प्रवासी भारतीय नागरिक म्हणून नोंदणीपत्र हवे. नाव नागरिकाचे असले तरी त्याने मताधिकार मिळत नाही. जुना पासपोर्ट परत करावाच लागतो. वापरत राहणे गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट. १९३० च्या हेगच्या करारात असे तत्त्व आहे, की ज्या देशाचाही माणूस नागरिक आहे, त्या देशाविरुद्ध दुसऱ्या देशाने त्याच्या बाजूने हस्तक्षेप करू नये. म्हणजे दोन पासपोर्ट असले तरी अडचणीत दोघे धावून येतील, हा भ्रम आहे. नागपूरच्या कोणाचा मुलगा परदेशी स्थायिक होत असेल, तर त्याने तिकीट काढण्यापूर्वी नव्हे, परका पासपोर्ट मागण्यापूर्वीच हा हिशेब मांडावा.