पन्नास हजारांची गरिबी

गेली काही वर्षे मी रेल्वेभरतीच्या जाहिराती जमवतो आहे. रद्दीवाल्याकडून घेतलेले ‘रोजगार समाचार’चे जुने अंक आणि ओळखीच्या मुलांनी दिलेल्या छापील प्रती असा तो संग्रह. सरकार गरीब कोणाला म्हणते, हे शोधायला मला या जाहिराती अर्थसंकल्पीय भाषणांपेक्षा उपयोगी वाटतात. तिथे गरिबीला आकडा असतो आणि पुराव्याचा नमुनाही जोडलेला असतो.

२०१८ साली रेल्वेने सहायक लोको पायलट आणि पहिल्या स्तरावरच्या पदांची मोठी भरती काढली. तिच्यात परीक्षा शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ५०० रुपये होते. अनुसूचित जाती-जमाती, महिला, तृतीयपंथी, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक आणि ‘आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग’ यांना २५० रुपये. त्याआधी या सवलतीच्या गटांना शुल्क माफ असे. आता पैसे आधी भरायचे आणि पहिल्या संगणकीय परीक्षेला हजर राहिल्यावर ते परत मिळवायचे, अशी रीत आली. सर्वसाधारण उमेदवाराला ५०० पैकी ४०० परत, सवलतीच्या गटाला सर्व २५०. दोन्हींतून बँकेचा आकार वजा. केवळ गंभीर उमेदवारांनी अर्ज करावेत, हे त्यामागचे अधिकृत कारण होते.

या यादीतला ‘आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग’ म्हणजे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ५०,००० रुपयांपेक्षा कमी असलेले कुटुंब. जानेवारी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती झाली आणि ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ हा दुसरा वर्ग आला. त्याची उत्पन्नमर्यादा ८ लाख, शिवाय शेती पाच एकरांहून कमी वगैरे अटी. नावे जवळजवळ जुळी, मर्यादांत सोळा पटींचे अंतर. पहिल्या वर्गाला शुल्कात सवलत मिळते, पण जागा राखीव नाही. दुसऱ्याला दहा टक्के जागा मिळतात, पण शुल्क पूर्ण ५००. हे दोन वर्ग एकच समजू नयेत, अशी सूचना जाहिरातीतच छापावी लागली, यावरून गोंधळाची कल्पना यावी.

एक हिशेब करून पाहू. खुल्या प्रवर्गातला, बिनशेतीचा एक मुलगा. आई-वडील दोघेही मजुरीला जातात. रोज ३०० रुपये आणि वर्षात २०० दिवस काम धरले, तर घरात १,२०,००० येतात. हा मुलगा ‘दुर्बल’ ठरतो, ‘मागास’ ठरत नाही. त्याने ५०० भरायचे. त्याच्या सख्ख्या बहिणीने मात्र २५०, कारण ती महिला आहे आणि तिला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दोघांपैकी एकालाच कामाचे दिवस मिळाले तरी आकडा ६०,००० होतो. खरे उत्पन्न सांगणारा मजूर या मर्यादेत बसणे कठीण. मग तलाठ्यासमोर उत्पन्न किती सांगायचे, हा प्रश्न घरोघरी पडतो. त्याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक असते.

पुराव्याची यादी त्याहून बोलकी आहे. तहसीलदारापर्यंतच्या महसूल अधिकाऱ्याचा दाखला चालतो. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड चालते. लोकसभेच्या खासदाराने आपल्या मतदारसंघातल्या माणसाला दिलेला दाखलाही चालतो, आणि केंद्रीय मंत्री तर देशातल्या कोणाचीही शिफारस करू शकतो. यादीत ‘इज्जत’ पासही आहे. २००९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ममता बॅनर्जी यांनी आणलेला हा मासिक पास महिना १,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला १०० किलोमीटरपर्यंत २५ रुपयांत मिळे. खासदाराच्या दाखल्याची रीत त्या पासाच्या नियमांतही होती. परीक्षा-सवलतीचा नमुना प्रवास-सवलतीच्या साच्यातून आला असावा, असे माझे अनुमान आहे. खासदाराला एखाद्या घरचे उत्पन्न कसे कळणार, हा प्रश्न नमुना विचारत नाही.

अर्ज करताना उमेदवार केवळ दावा करतो. मूळ दाखला तपासला जातो तो निवडीच्या टोकाला, कागदपत्र पडताळणीत. म्हणून ८ लाखांच्या वर्गाचे प्रमाणपत्र हाती असताना ५०,००० च्या वर्गापुढे खूण करणाऱ्याची चूक लेखी परीक्षा पार केल्यावर उघडी पडते. २५० रुपयांची सवलत तेव्हा नोकरीच्या आड येऊ शकते.

परताव्याचेही तसेच. परीक्षेला गेले तरच पैसे. केंद्र दूरच्या शहरात आले, तर अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना रेल्वेचा मोफत पास मिळतो. ५०,००० च्या वर्गाला नाही. भाड्याअभावी जो घरी राहिला, त्याचे २५० रुपयेही गेले. नियमाच्या भाषेत तो ‘गंभीर’ नव्हता.

२०१९ च्या पहिल्या स्तराच्या भरतीत एक लाखाहून अधिक पदे होती आणि अर्ज एक कोटीच्या वर. अर्ज त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये भरले गेले. परीक्षा झाली ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. परतावा परीक्षेनंतरचा. म्हणजे वर्षाला ५०,००० हून कमी मिळवणाऱ्या घराचे २५० रुपये तीन वर्षांहून अधिक काळ रेल्वेकडे पडून होते, आणि त्यावर व्याज देण्याची तरतूद माझ्या संग्रहातल्या कोणत्याही जाहिरातीत नाही.