तिघे आणि एक खोबण

सेरीनचा पत्ता पहिल्यांदा लागला तो विषामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये डीएफपी नावाच्या फ्लोरिनयुक्त फॉस्फेटचा अभ्यास मज्जातंतूंवर घाला घालणारा विषारी वायू म्हणून झाला होता. युद्ध संपल्यावर हे रसायन जीवरसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर आलं. १९४९ मध्ये जॅन्सेन, बॉल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कायमोट्रिप्सिनवर टाकून पाहिलं. हे स्वादुपिंडातून आतड्यात येणारं, प्रथिनं कापणारं एन्झाइम. ते पूर्ण निकामी झालं आणि त्यासाठी एका रेणूमागे विषाचा एकच रेणू पुरला. पुढच्या काही वर्षांत निकामी झालेल्या एन्झाइमचे तुकडे करून पाहिले, तेव्हा फॉस्फेट सेरीन या अमिनो आम्लाला चिकटलेलं सापडलं.

यात खरा चक्रावून टाकणारा भाग वेगळाच आहे. कायमोट्रिप्सिनमध्ये पंचवीसहून अधिक सेरीन आहेत. डीएफपी त्यांपैकी एकालाच, पुढे ज्याचा क्रमांक १९५ ठरला त्यालाच, पकडतं. नुसत्या सेरीनच्या द्रावणात डीएफपी टाकलं तर काही घडत नाही. सेरीनच्या टोकाला असतो तो साधा अल्कोहोल गट, आणि अल्कोहोल आपला प्रोटॉन सहजासहजी सोडत नाही. मग या एकाच सेरीनला एवढी धार कुठून आली? पुढची चाळीस वर्षं लागोपाठच्या पिढ्यांनी या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला, असं मला वाटतं.

काम किती अवघड आहे, हे आधी पाहायला हवं. प्रथिनांतले अमिनो आम्लांचे दुवे म्हणजे पेप्टाइड बंध. हा बंध विलक्षण टिकाऊ असतो. वुल्फेंडेन आणि रॅझिका यांनी १९९६ मध्ये मोजमापांवरून काढलेल्या अंदाजानुसार, २५ अंश सेल्सिअसच्या उदासीन पाण्यात साध्या पेप्टाइडमधले निम्मे बंध तुटायला ३५० ते ६०० वर्षं लागतात. कायमोट्रिप्सिन मनाजोगता बंध सेकंदाच्या अंशात तोडतं. वेगातला हा फरक हजार कोटी पटींच्या घरात जातो.

ही कापणी एका झटक्यात होत नाही, याची खूण लीड्समध्ये हार्टली आणि किल्बी यांना १९५४ मध्ये मिळाली. त्यांनी खऱ्या प्रथिनाऐवजी नायट्रोफेनिल अॅसिटेट वापरलं, कारण ते तुटलं की पिवळा रंग येतो आणि तो मोजता येतो. एन्झाइम घालताच रंगाची एक उसळी आली, आणि नंतर रंग संथ, एकसारख्या गतीनं वाढत राहिला. उसळी एन्झाइमच्या प्रमाणात होती, साधारण एका रेणूमागे एक. याचा अर्थ असा की रेणूचा पहिला तुकडा चटकन सुटतो, पण दुसरा एन्झाइमलाच चिकटून राहतो. पाण्याने त्याला सोडवेपर्यंत एन्झाइमला पुढचं गिऱ्हाईक घेता येत नाही. तुकडा चिकटतो ती जागा पुन्हा तीच होती, सेरीन १९५.

दुसऱ्या गड्याचा संशय आम्लतेवरून आला. पीएच सातच्या खाली गेला की एन्झाइम मंदावतं, आणि त्या सुमाराला प्रोटॉन घेणारं-सोडणारं अमिनो आम्ल म्हणजे हिस्टिडीन. १९६३ मध्ये शोलमन आणि शॉ यांनी त्यासाठी सापळाच रचला. कायमोट्रिप्सिनला फेनिलअॅलनिनच्या शेजारचा बंध आवडतो, म्हणून त्यांनी त्याच चेहऱ्याचं टीपीसीके नावाचं रसायन बनवलं आणि त्याच्या शेपटीला चिकटणारा गट जोडला. एन्झाइमने ते आपलं भक्ष्य समजून धरलं आणि चिकटणारा गट हिस्टिडीन ५७ ला जाऊन बसला.

साखळीत ५७ आणि १९५ यांच्यात जवळजवळ १४० अमिनो आम्लांचं अंतर आहे. ते दोघे शेजारी बसतात हे १९६७ मध्ये प्रत्यक्ष दिसलं, जेव्हा केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत मॅथ्यूज, सिग्लर, हेंडरसन आणि ब्लो यांनी क्ष-किरणांनी कायमोट्रिप्सिनचा आकार २ अँगस्ट्रॉम बारकाव्यानिशी उलगडला. त्या चित्रात हिस्टिडीनच्या पाठीमागे, पाण्यापासून लपलेलं तिसरं एक अमिनो आम्ल होतं, १०२ क्रमांकाचं. हार्टलीच्या प्रसिद्ध झालेल्या क्रमवारीत ते अॅस्पॅराजीन म्हणून नोंदलेलं होतं, म्हणजे विद्युतभार नसलेलं. ही चूक त्या काळात सहज होण्यासारखी होती. अॅस्पॅराजीन आणि अॅस्पार्टिक आम्ल यांच्यात एका अमाइड गटाचाच फरक, आणि प्रथिन आम्लात उकळून विघटित केलं की तो फरकच नाहीसा होतो. तो तुकडा पुन्हा तपासल्यावर १०२ अॅस्पार्टिक आम्ल निघालं. १९६९ मध्ये ब्लो, बर्कटॉफ्ट आणि हार्टली यांनी ते जाहीर केलं. ऋणभार घेऊन बसलेलं अॅस्पार्टेट, त्याला टेकलेलं हिस्टिडीन आणि हिस्टिडीनला टेकलेलं सेरीन असं त्रिकूट पुरं झालं.

त्याच वर्षी अमेरिकेत जोसेफ क्राउट यांच्या गटाने सबटिलिसिनचा आकार प्रसिद्ध केला. हे जिवाणूचं एन्झाइम, कपडे धुण्याच्या पावडरीत असतं ते याच घराण्यातलं. त्याच्या साखळीची घडी कायमोट्रिप्सिनशी कुठेच जुळत नाही. साखळीतला क्रमही वेगळा आहे: अॅस्पार्टेट ३२, हिस्टिडीन ६४, सेरीन २२१. पण एकत्र बसल्यावर तिघांची मांडणी तीच. नात्याचा धागा नसलेल्या दोन घराण्यांत उत्क्रांती स्वतंत्रपणे याच मांडणीवर येऊन ठेपली.

आता प्रत्यक्ष कापणी पाहू. पेप्टाइड बंधातला कार्बन तीन अणूंना धरून सपाट बसलेला असतो. सेरीनचा ऑक्सिजन त्याच्यावर चाल करतो आणि त्याच क्षणी हिस्टिडीन सेरीनचा प्रोटॉन काढून घेतं. सेरीनची धार ती हीच. कार्बनला आता चार शेजारी होतात, सपाटपणा जाऊन आकार चतुष्फलकाचा होतो आणि त्याच्या ऑक्सिजनवर ऋणभार साठतो. मग हिस्टिडीन तोच प्रोटॉन बंधातल्या नायट्रोजनला देतं, बंध तुटतो, पहिला तुकडा निघून जातो. दुसरा सेरीनला चिकटलेला राहतो. तिथे पाणी येतं, हिस्टिडीन या वेळी पाण्याचा प्रोटॉन घेतं, पुन्हा तोच चतुष्फलक बनतो, प्रोटॉन सेरीनकडे परततो आणि दुसरा तुकडा सुटतो. एन्झाइम जसं होतं तसं उरतं.

अॅस्पार्टेटचं काम काय, यावर बरीच वर्षं घोळ झाला. ब्लो यांची कल्पना अशी होती की प्रोटॉन साखळीने पुढे सरकत सेरीनकडून हिस्टिडीनकडे आणि तिथून अॅस्पार्टेटकडे जातो. ही कल्पना इतकी देखणी होती की पाठ्यपुस्तकांत रुजली. १९७८ मध्ये बाकोव्हचिन आणि रॉबर्ट्स यांनी ती तपासायला अल्फा-लायटिक प्रोटिएज निवडलं. कारण नेमकं होतं: त्यात हिस्टिडीन एकच आहे, त्यामुळे चुंबकीय अनुनादात दिसणारी खूण कुणाची याबद्दल शंका राहत नाही. त्यात जड नायट्रोजन घालून मोजल्यावर दिसलं की प्रोटॉन हिस्टिडीनकडेच थांबतो. दोन-तीन वर्षांत ट्रिप्सिनवरच्या न्यूट्रॉन विवर्तनानेही तेच दाखवलं. अॅस्पार्टेट प्रोटॉन घेत नाही. ते हिस्टिडीनला योग्य कोनात धरून ठेवतं आणि त्याच्यावर आलेला धनभार सावरतं.

पण त्रिकूटाच्या या कीर्तीत एक गोष्ट झाकली जाते, आणि माझ्या मते तीच जास्त खोल आहे. चतुष्फलकाच्या त्या ऑक्सिजनवरचा ऋणभार सांभाळतं कोण? कायमोट्रिप्सिनमध्ये त्याच्यासाठी एक खोबण आहे. ग्लायसिन १९३ आणि सेरीन १९५ यांच्या कण्यातले दोन एनएच गट तिथे तोंड करून असतात आणि हायड्रोजन बंधांनी त्या ऑक्सिजनला धरतात. बंध सपाट असताना ऑक्सिजन तिथे नीट पोचत नाही. कार्बन वळला की पोचतो. खोबण मूळ रेणूच्या मापाची नाही. ती त्याच्या मध्येच उमटणाऱ्या रूपाच्या मापाची आहे.

ही कल्पना आकार दिसण्याच्या कितीतरी आधीची. हॉल्डेन यांनी १९३० मध्ये आणि लायनस पॉलिंग यांनी १९४०च्या दशकात ती मांडली होती. घाट चढायचा असेल तर पायथा आणखी खोल खणून काही साधत नाही, उलट चढ वाढतो. एन्झाइमने मूळ रेणूलाच घट्ट मिठी मारली तर तसंच होईल. खाली यायला हवा तो माथा, म्हणजे संक्रमण अवस्था. तिचं आयुष्य अणूंच्या एका कंपनाएवढं असल्यामुळे ती पकडून पाहता येत नाही. चतुष्फलक हा तिचा जवळचा शेजारी आहे, तीच ती नव्हे. तरी शेजाऱ्याला सावरलं की माथाही उतरतो, आणि माथा सुमारे १.४ किलोकॅलरी उतरला की वेग दहापट वाढतो.

खोबणीचा सर्वांत बोलका पुरावा स्वादुपिंडातूनच आला. तिथे कायमोट्रिप्सिन कायमोट्रिप्सिनोजेन या झोपलेल्या रूपात तयार होतं, नाहीतर ग्रंथी स्वतःलाच खाईल. १९७० मध्ये क्राउट यांच्या गटाने त्याचा आकार पाहिला, तेव्हा त्रिकूट जवळजवळ जागच्या जागी होतं. नीट तयार नव्हती ती खोबण. आतड्यात ट्रिप्सिन १५ आणि १६ यांच्यामधला बंध तोडतं, नवं टोक आत वळून अॅस्पार्टेट १९४ ला जोडलं जातं, त्याने शेजारचा ग्लायसिन १९३ फिरतो आणि खोबण उघडते.

सबटिलिसिनच्या खोबणीत एक बाजू अॅस्पॅराजीन १५५ सांभाळतं. जनुकात फेरफार करून ते काढलं की कापणीचा वेग शेकडो पटींनी उतरतो. मूळ रेणूला धरण्याची ताकद मात्र फारशी बदलत नाही. म्हणजे नुकसान पायथ्याशी झालेलं नाही, माथ्याशी झालं आहे.

१९८८ मध्ये कार्टर आणि वेल्स यांनी सबटिलिसिनच्या त्रिकूटातले तिघे एकेक करून काढून अॅलनिन बसवलं. सेरीन काढलं तर वेग सुमारे २० लाख पटींनी घटला. हिस्टिडीन काढलं तरी तेवढाच. अॅस्पार्टेट काढलं तर सुमारे ३० हजार पटींनी. तिघेही एकदम काढले तेव्हा घट पुन्हा २० लाखांच्या आसपासच राहिली. तिघांचे फायदे वेगवेगळे असते तर तोटे एकमेकांना गुणले गेले असते. ते गुणले गेले नाहीत, म्हणजे एक गेला की उरलेल्या दोघांचा उपयोगच संपतो.

या प्रयोगात एक मोठा धोका होता. लाखोंत एक भाग उरलेला वेग खरोखर त्या निकामी एन्झाइमचा, की त्यात मिसळलेल्या चांगल्या एन्झाइमचा? धोका कल्पनेतला नव्हता. सबटिलिसिन स्वतःची साखळी स्वतः कापून परिपक्व होतं, त्यामुळे निकामी रूप तयार करायला थोडं चांगलं एन्झाइम मदतीला घ्यावंच लागत होतं. म्हणून त्यांनी निकामी रूपांच्या पृष्ठभागावर सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल बसवलं आणि गंधक पकडणाऱ्या स्तंभातून गाळून ती रूपं मदतनिसापासून वेगळी केली. इतकं करूनही त्रिकूट नसलेलं सबटिलिसिन नुसत्या पाण्यापेक्षा हजारांहून अधिक पट वेगवान राहिलं. तो वेग उरलेल्या रचनेचा आहे, ज्यात खोबणही येते.

त्याआधीच्या वर्षी याच दोघांनी हिस्टिडीन काढलेल्या सबटिलिसिनपुढे एक वेगळं पेप्टाइड ठेवलं होतं. त्यात कापायच्या जागेपासून एक सोडून आधीच्या अमिनो आम्लाच्या जागी हिस्टिडीन होतं. पेप्टाइड एन्झाइमवर बसलं की ते हिस्टिडीन बरोबर एन्झाइमच्या रिकाम्या जागेपाशी पोचतं. त्या जागी दुसरं अमिनो आम्ल असलेल्या, एरवी सारख्याच पेप्टाइडच्या तुलनेत हे ४०० पटींपर्यंत वेगाने कापलं गेलं.